दोन सावकार आणि एक धरण : शीतयुद्धात नवस्वतंत्र देशांनी आपापली वाट कशी निवडली?

दुसरे महायुद्ध 1945 मध्ये संपले, तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्स जिंकूनही खंक झाले होते. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्या वसाहती एकेक करून सुटल्या. या नव्या देशांकडे झेंडा होता, राष्ट्रगीत होते, पण धरण बांधायला पैसा नव्हता, पोलादाचे कारखाने नव्हते आणि कित्येकांकडे पोटापुरते धान्यही नव्हते. त्याच वेळी जगात दोनच देश असे उरले होते की ज्यांच्याकडे द्यायला काही होते, ते म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत रशिया. दोघांचे एकमेकांशी हाडवैर. थेट लढाई केली तर अणुबाँब पडणार, म्हणून ती लढाई दोघेही दुसऱ्यांच्या अंगणात लढत होते.

मग या नव्या देशांनी निवड कशी केली? शाळेच्या पुस्तकात उत्तर असते की काही अमेरिकेच्या गटात गेले, काही रशियाच्या, आणि नेहरू, इजिप्तचे नासर, युगोस्लाव्हियाचे टिटो यांनी अलिप्ततेचा मार्ग धरला. हे खोटे नाही, पण यातून व्यवहार कळत नाही. तो कळायला गावातल्या दोन सावकारांचे उदाहरण घेऊ. एकच सावकार असेल तर व्याज तो म्हणेल ते. दुसरा आला आणि दोघांचे आपसात पटत नसेल, तर कुळाला भाव येतो. मात्र हा भाव कुळाच्या अंगचा नसतो. दोघांतले वैर चालू असते आणि कुळाकडे दोघांना हवे असे काही असते, तोवरच तो टिकतो.

हा दुसरा सावकार बाजारात उशिरा आला, हे सहसा सांगितले जात नाही. स्टालिन असेपर्यंत मॉस्कोला नेहरूंसारखे नेते साम्राज्यवाद्यांचेच हस्तक वाटत. मार्च 1953 मध्ये स्टालिन वारला. त्यानंतर पुढे आलेल्या ख्रुश्चेव्हने हिशेब बदलला : हे लोक कम्युनिस्ट नसले तरी चालतील, अमेरिकेच्या लष्करी करारांपासून लांब राहिले तरी पुष्कळ झाले. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार फेब्रुवारी 1955 मधला. त्याच वर्षाअखेर ख्रुश्चेव्ह आणि सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन भारताच्या दौऱ्यावर आले. खरी घासाघीस सुरू झाली ती 1955 पासून, आणि ती सर्वांत उघडपणे दिसली इजिप्तमध्ये.

इजिप्त कागदोपत्री 1922 पासूनच स्वतंत्र होता, पण सुएझ कालव्याच्या पट्ट्यात ब्रिटिश फौज ठाण मांडून बसली होती. जुलै 1952 मध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी राजाला हाकलले. थोड्याच काळात सूत्रे गमाल अब्देल नासर यांच्या हाती आली. ब्रिटिश फौज बाहेर काढण्याचा करार त्यांनी 1954 मध्ये केला, त्या वेळी अमेरिकेशी त्यांचे संबंध बरे होते. नासर डावे नव्हते. शेजारी इस्रायल, हाताखाली नाराज लष्कर आणि वाढती लोकसंख्या, ही त्यांची रोजची चिंता.

28 फेब्रुवारी 1955 च्या रात्री इस्रायलने गाझातल्या इजिप्तच्या लष्करी तळावर छापा घातला. तीसहून अधिक सैनिक मेले आणि नासर यांची पत लष्करातच घसरली. शस्त्रे हवीच होती. त्यांनी आधी अमेरिकेकडे मागितली. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे मदत म्हणून शस्त्रे घ्यायची, तर अमेरिकी लष्करी पथक देशात ठेवून घ्यावे लागे. सत्तर वर्षांनी ब्रिटिश फौज जायला निघालेली असताना दुसरे परके गणवेश आणणे नासर यांना शक्य नव्हते. मग विकत द्या म्हटले, तर अमेरिकेने रोख डॉलर मागितले. इजिप्तकडे होता कापूस. डॉलर नव्हते.

एप्रिल 1955 मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या 29 देशांची परिषद भरली. तिथे झालेल्या भाषणांवर खूप लिहिले गेले आहे. मला त्यातली एक खासगी भेट जास्त महत्त्वाची वाटते. नासर यांनी चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांच्याकडे शस्त्रांचा विषय काढला आणि चाऊंनी तो मॉस्कोपर्यंत पोचवला. 27 सप्टेंबरला नासर यांनी जाहीर केले की, चेकोस्लोव्हाकियाकडून शस्त्रे घेतोय, किंमत कापसात देणार. नाव चेकोस्लोव्हाकियाचे, माल रशियाचा. रणगाडे, मिग विमाने, पाणबुड्या, सगळे त्यात होते.

वॉशिंग्टन आणि लंडनला घाम फुटला. इजिप्त हातचा जाणार असेल तर त्याला अशी गोष्ट द्यायला हवी की तो दहा-पंधरा वर्षे आपल्याकडे बांधला जाईल. तशी गोष्ट तयारच होती : अस्वानचे धरण.

नाईलला दर उन्हाळ्यात पूर येई. बहुतेक पाणी समुद्राला मिळे, आणि पूर कमी आला तर दुष्काळ. इजिप्तची जवळजवळ सगळी वस्ती या नदीच्या काठावरच्या चिंचोळ्या पट्टीत. देशाच्या दक्षिण टोकाला मोठे धरण बांधले तर वर्षभर पाणी मिळेल, नवी जमीन ओलिताखाली येईल, वीजही होईल. अंदाजे खर्च 130 कोटी डॉलर, म्हणजे त्या देशाच्या आवाक्याबाहेरचा.

डिसेंबर 1955 मध्ये पाश्चात्त्यांनी देकार दिला. पहिल्या टप्प्यासाठी अमेरिकेचे 5.6 कोटी डॉलर आणि ब्रिटनचे 1.4 कोटी डॉलर अनुदान, आणि त्यांच्या जोडीला जागतिक बँकेचे 20 कोटी डॉलर कर्ज. ऐकायला छान. पण अटी वाचल्यावर नासर यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. धरण होईपर्यंत इजिप्तने दुसरीकडून मोठे कर्ज काढायचे नाही, जमाखर्चावर बँकेची नजर राहील, आणि ठेके स्पर्धेने दिले तरी कम्युनिस्ट देशांना वगळून द्यायचे. बँकेचे अध्यक्ष युजीन ब्लॅक यांच्या मते कर्ज देणाऱ्या कुठल्याही बँकेच्या अटी अशाच असतात. त्यात तथ्य होते. पण एकोणिसाव्या शतकात कर्जाच्या हिशेबावर नजर ठेवायला म्हणूनच युरोपीय अधिकारी कैरोत आले होते, आणि 1882 मध्ये ब्रिटिश फौज त्यांच्या पाठोपाठ आली होती. इजिप्तला ‘जमाखर्चावर नजर’ ही अट कशी ऐकू आली असेल, हे यावरून समजते.

नासर यांनी घासाघीस सुरू ठेवली आणि अधूनमधून रशियाही धरण बांधायला तयार असल्याची कुणकुण लागू दिली. तोवर वॉशिंग्टनमध्ये वारे फिरले. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कापूसवाल्या खासदारांना इजिप्तचा कापूस वाढायला नको होता. इस्रायलच्या बाजूचे खासदार नाराज होतेच. मे 1956 मध्ये इजिप्तने कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली आणि परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांचा संयम सुटला. दोघांच्या भांडणात तटस्थ राहणे, काही अपवाद वगळता, अनैतिकच आहे, असे हे गृहस्थ जूनमध्ये जाहीर भाषणात म्हणाले होते. शिवाय रशियाची एवढे मोठे धरण बांधण्याची ऐपत नाही आणि तो बोलतोय ते नुसतेच, असा त्यांचा कयास होता.

19 जुलै 1956 रोजी इजिप्तचे राजदूत अहमद हुसेन डलेस यांच्याकडे आले ते सगळ्या अटी मान्य करायच्या तयारीने. डलेस यांनी सांगितले, देकार मागे घेतला आहे. कारण दिले की इजिप्तची अर्थव्यवस्था हा बोजा पेलणार नाही. शस्त्रांपोटी कापूस गहाण पडला होता, तेव्हा हे कारण अगदीच पोकळ नव्हते. पण ते जाहीरपणे सांगणे म्हणजे चारचौघांत केलेला अपमान होता.

त्या वेळी नासर युगोस्लाव्हियात ब्रिओनी बेटावर टिटो आणि नेहरूंबरोबर होते. तिथून नासर आणि नेहरू एकाच विमानाने कैरोला निघाले आणि ही बातमी नासर यांना वाटेत कळली. पुढे काय करायचे, याचा पत्ता मात्र त्यांनी नेहरूंना लागू दिला नाही.

26 जुलैला संध्याकाळी अलेक्झांड्रियाच्या चौकात नासर बोलायला उभे राहिले. भाषण रेडिओवरून देशभर ऐकू येत होते. सुएझ कालवा खोदणाऱ्या फ्रेंच माणसाचे नाव होते दि लेसेप्स. नासर ते नाव भाषणात पुन्हा पुन्हा घेत राहिले. कारण तोच इशारा ठरला होता. ते नाव कानावर पडताच महमूद युनिस या अभियंत्याची माणसे कालवा कंपनीच्या कचेऱ्यांत शिरली. भाषण संपेपर्यंत कालवा इजिप्तच्या ताब्यात होता. भागधारकांना बाजारभावाने भरपाई मिळेल, आणि जहाजांच्या टोलमधून धरण बांधू, असे नासर यांनी जाहीर केले.

ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुपचूप कट केला. 29 ऑक्टोबरला इस्रायलने सिनाईत हल्ला चढवला. दोघांचे भांडण सोडवायचा बहाणा करून मग ब्रिटन-फ्रान्सने बाँब टाकले आणि पोर्ट सैदला सैनिक उतरवले. लढाईत इजिप्त हरलाच होता. पण इथे या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मजेशीर योग जुळून आला : अमेरिका आणि रशिया एका बाजूला आले. त्याच आठवड्यात रशियाचे रणगाडे हंगेरीत शिरले होते. अशा वेळी आपल्याच दोस्तांनी जुन्या पद्धतीची वसाहतवादी लढाई काढावी, याचा अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना संताप आला. एकदा का सगळा आशिया आणि आफ्रिका रशियाकडे झुकला की संपलेच, हे त्यांना दिसत होते. मॉस्कोने क्षेपणास्त्रांची धमकी दिली. पण खरा दणका अमेरिकेने दिला, आणि तोही बंदूक न उचलता. पौंड घसरत होता, ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून पैसे हवे होते, ते अमेरिकेने अडवले. डिसेंबरअखेर ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा परतल्या. लढाई हरलेले नासर अरब जगाचे नायक झाले.

धरण मात्र अजून कागदावरच होते. डिसेंबर 1958 मध्ये रशियाने पहिल्या टप्प्यासाठी 40 कोटी रूबल कर्ज दिले. व्याज अडीच टक्के, परतफेड बारा वर्षांत, आणि तीही मुख्यतः मालाच्या रूपात. डॉलर नसलेल्या देशाला यापेक्षा सोयीचे काय असणार? भिलाईलाही व्याजदर हाच होता आणि परतफेड रुपयांत होती. रशियाने हा साचाच बनवला होता.

आणि याच सुमारास नासर यांनी इजिप्तमधल्या कम्युनिस्टांना शेकड्यांनी तुरुंगात टाकायला सुरुवात केली. ख्रुश्चेव्ह चिडले, दोघांत जाहीर खडाजंगी झाली, पण पैसा थांबला नाही. उलट जानेवारी 1960 मध्ये दुसऱ्या टप्प्याचेही कर्ज मिळाले. कारण उघड आहे. रशियाने हात आखडता घेतला असता तर अमेरिका पुन्हा दारात उभी राहिली असती. कम्युनिस्ट कैद्यांपेक्षा मॉस्कोला हे धरण मोलाचे होते. रशियाचा पैसा घेतला म्हणजे देश रशियाचा मिंधा झाला, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे वर्ष जरूर पाहावे.

मे 1964 मध्ये नाईलचे पात्र वळवताना ख्रुश्चेव्ह स्वतः हजर होते. 1970 मध्ये काम पुरे झाले. याची किंमत नासर किंवा ख्रुश्चेव्ह यांनी मोजली नाही. इजिप्त आणि सुदानमधल्या लाखाच्या आसपास नुबियन लोकांची गावे पाण्याखाली गेली. त्यांना ना कोणी देकार दिला, ना घासाघिशीला बसवले.

भारतातही असाच एक प्रसंग घडला, फक्त एवढ्या नाट्याशिवाय. भिलाई रशियाचे, राउरकेला जर्मन कंपन्यांचे, दुर्गापूर ब्रिटिशांचे झाल्यावर बोकारो अमेरिकेकडून करून घ्यावे असे नेहरूंच्या सरकारला वाटत होते. अध्यक्ष केनेडी अनुकूल होते. पण सरकारी मालकीच्या कारखान्याला अमेरिकी करदात्यांचा पैसा कशाला, म्हणून तिथल्या संसदेत विरोध झाला आणि 1963 मध्ये नेहरूंनी मागणी मागे घेतली. नंतर तेही काम रशियाने केले. फरक एवढाच की डलेस यांच्यासारखी तोंडावर दार आपटण्याची वेळ येऊ न देता, केनेडींची अडचण ओळखून नेहरूंनी आपणहून पाऊल मागे घेतले. त्यामुळे अमेरिकी गहू येत राहिला आणि तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करारही झाला.

मग सगळ्यांनाच असे का जमले नाही? काँगो हा देश बेल्जियमच्या तावडीतून 30 जून 1960 रोजी सुटला. पाचच दिवसांत लष्कराने बंड केले आणि जुलैच्या मध्यापर्यंत तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठिंब्याने फुटून निघाला. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी संयुक्त राष्ट्रांची फौज बोलावली, पण ती कटांगावर चालून जाईना. ते अमेरिकेला गेले, तर आयसेनहॉवर भेटले नाहीत. मग त्यांनी रशियाकडे विमाने आणि ट्रक मागितले. म्हणजे चाल तीच, नासर यांची. पण नासर यांच्या हाती एकसंध लष्कर होते, नोकरशाही होती, आणि कालवा त्यांच्याच जमिनीवर होता. लुमुंबांची खाण दुसऱ्याच्या ताब्यात आणि फौज बंडखोर. रशियाची मदत येऊन पोचते न पोचते तोच अध्यक्षांनी त्यांना बडतर्फ केले, मोबुटू या लष्करी अधिकाऱ्याने अमेरिकेच्या पाठबळावर सत्ता हाती घेतली, आणि जानेवारी 1961 मध्ये कटांगात लुमुंबांना गोळ्या घालण्यात आल्या. देकार घ्यायला जायचे तर निदान पायाखालची जमीन आपली हवी. ती नसेल तर देकार देणाऱ्याला, कुळाशी बोलणी करण्यापेक्षा कूळच बदलणे स्वस्त पडते.

ज्यांना जमले त्यांनाही ते कायमचे जमले नाही. धरण रशियाचे असूनही साठच्या दशकात इजिप्तच्या शहरांतल्या भाकरीचा मोठा वाटा अमेरिकेच्या गव्हातून येत होता. हा गहू स्थानिक चलनात मिळे, हीच त्यातली सोय. नोव्हेंबर 1964 मध्ये काँगोवरून चिडलेल्या विद्यार्थ्यांनी कैरोतले अमेरिकी ग्रंथालय जाळले. महिनाभराने नासर यांनी पोर्ट सैदच्या सभेत, आमचे वागणे ज्यांना रुचत नाही त्यांनी समुद्राचे पाणी प्यावे, असे सुनावले. अध्यक्ष जॉन्सन यांनी मग गव्हाची दोरी आखडली आणि काही वर्षांत पुरवठा थांबला. व्हिएतनामवरून बोलणाऱ्या भारतालाही याच जॉन्सननी 1965-66 च्या दुष्काळात महिन्या-महिन्याच्या हिशेबाने गहू सोडला. रेशनवरचा लाल गहू आणि मिलो घरातल्या थोरल्यांनी खाल्ला असेल, तर त्यामागे हे राजकारण होते.

गहू बंद झाला तर दुसरीकडून आणता येतो. शस्त्रांचे तसे नसते. जून 1967 च्या सहा दिवसांच्या युद्धात इजिप्तचे हवाई दल जमिनीवरच संपले. ते पुन्हा उभे करायला फक्त रशिया होता. 1970 पर्यंत क्षेपणास्त्रांच्या तुकड्या चालवायला हजारो सोव्हिएत सैनिक इजिप्तमध्ये राहू लागले. ज्या नासर यांनी अमेरिकेचे एक छोटे पथक नको म्हणून 1955 मध्ये वाट बदलली होती, त्यांच्याच देशात परकी फौज परत आली, आणि ती त्यांनी स्वतः बोलावली होती. सप्टेंबर 1970 मध्ये नासर वारले. त्यांच्यानंतर आलेल्या सादात यांनी जुलै 1972 मध्ये सोव्हिएत लष्करी सल्लागारांना घरी पाठवले आणि 1973 च्या युद्धानंतर ते अमेरिकेकडे वळले.

वळले तरी विमाने मिगच होती. मॉस्कोने सुटे भाग बंद केले. सादात यांनी जुन्या दोस्तीच्या भरवशावर भारताकडे मागणी केली. मिग-21 आपण परवान्यावर बनवत होतो, नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना त्यासाठीच उभा राहिला होता. पण परवाना रशियाचा होता. दिल्लीने मॉस्कोला विचारले आणि नकार कळवला. मार्च 1976 मध्ये सादात यांनी आपल्या संसदेत ही तक्रार जाहीरपणे मांडली आणि रशियाशी झालेला मैत्रीचा करार रद्द करून टाकला. विमानांची इंजिने मग चीनने दिली.